उपमा फोनवर बोलत होता

मागच्या आठवड्यात मी तपासलेल्या वह्यांमध्ये एका उपम्याने फोनवर मनसोक्त गप्पा मारल्या, एका छत्रीने पायी घर गाठलं, एका कुत्र्याने पेपर वाचला आणि एका प्रबंधाने रात्रभर जागून स्वतःलाच लिहून काढलं. माणसं म्हणाल तर कुठे औषधालाही नव्हती.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवतो. दारावरच्या पाटीवर 'ॲडव्हान्स्ड रायटिंग' असं लिहिलेलं आहे. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाची समजूत असते की व्याकरण शाळेतच संपलं, आता फक्त भारी शब्द घ्यायचे राहिलेत. कुणाला परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा असतो, कुणाला बढतीसाठी अहवाल लिहायचे असतात, तर बँकेतून निवृत्त झालेले एक काका केवळ घरात बसवत नाही म्हणून येतात. ॲडव्हान्स्ड म्हणजे काय, हे मला इतकी वर्षं शिकवल्यावर उमगलंय. साध्या वर्गात चूक चार शब्दांची असते, इथे ती चार ओळींची असते आणि तिला टाय असतो.

तर तो उपमा. दुसऱ्या बाकावरच्या ताईंनी लिहिलं होतं, 'व्हाइल टॉकिंग ऑन द फोन, द उपमा गॉट बर्न्ट.' मी त्याखाली लाल रेघ मारली आणि वर्गात विचारलं, "फोनवर कोण बोलत होतं?"

"ते कशाला लिहायचं?" ताई म्हणाल्या. "घरात सगळ्यांना माहीत आहे."

"पण इंग्रजीत वाचणाऱ्याला काय कळतं?"

"उपमा करपला, एवढं कळलं की पुरे, सर. मला काय त्याला वाढायचाय?"

आता यावर व्याकरणाचं म्हणणं असं की, वाक्याच्या सुरुवातीला 'फोनवर बोलताना' असा एक बिनमालकाचा तुकडा ठेवला आणि पुढे स्वल्पविराम दिला, तर स्वल्पविरामानंतर जो कर्ता पहिला दिसेल तोच त्या तुकड्याचा मालक. तिथे उपमा उभा असेल तर बोलणारा उपमाच. इंग्रजीला दयामाया नाही. या प्रकाराला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, म्हणजे कुणालाच धड न चिकटता अधांतरी लोंबकळणारा तुकडा. वर्गात आम्ही नुसतं डँगलर म्हणतो. तो ओळखायची परीक्षा एका शब्दाची आहे. स्वल्पविरामापाशी थांबायचं आणि विचारायचं, 'कोण?' स्वल्पविरामानंतरचा कर्ता जर त्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर डँगलर सापडला.

परीक्षा एवढी सोपी असून माणसं पुन्हा पुन्हा त्यात नापास होतात. याचं कारण मला त्यांच्या इंग्रजीत नाही, घराघरातल्या कपबश्यांत सापडलं. आमच्याकडे कप आजवर कुणी फोडलेला नाही. तो फुटतो. दूध कुणी उतू घालवत नाही, ते जातं. किल्ली हरवते, चष्मा बुडाखाली येतो, लाइटचं बिल भरायचं राहतं. आमच्या घरात इतकी वर्षं इतक्या गोष्टी आपापल्या जबाबदारीवर बिघडत आल्या आहेत की, एखाद्या दिवशी कुणी 'मी फोडला' असं म्हणालं तर आम्ही त्याचा ताप बघू. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला इंग्रजी परीक्षेत एकदम 'कोण?' असं विचारलं की तो दचकतो आणि हाताशी येईल त्याला पुढे करतो. उपमा असेल तर उपम्याला.

मराठीचाही यात थोडा हात आहे. आपण बिनदिक्कत म्हणतो, 'पोहे खाताना बस गेली.' ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही की बस पोहे खात होती. आपल्या 'ताना'ला दोन वेगवेगळे कर्ते चालतात. खाणारा एक, जाणारी दुसरी, आणि बस चुकल्याचं दुःख सामायिक. पण तेच वाक्य 'पोहे खाऊन बस गेली' असं म्हणून बघा. आता बसने पोहे खाल्ले, वर बहुधा चहाही घेतला. म्हणजे 'ऊन' लावलं की मराठीसुद्धा इंग्रजीइतकीच कडक होते. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. इंग्रजीतला हा सुरुवातीचा 'इंग'वाला तुकडा दिसतो आपल्या 'ताना'सारखा, पण वागतो 'ऊन'सारखा. तुकडा लिहिला की मनात 'ऊन' लावून बघा आणि पुढे बस पोहे खात नाही ना याची खात्री करा, एवढं सांगून मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्यांमध्ये बस होती.

दुरुस्तीचे रस्ते दोनच. एक तर स्वल्पविरामानंतर खरा गुन्हेगार आणून उभा करायचा: 'व्हाइल टॉकिंग ऑन द फोन, आय बर्न्ट द उपमा.' नाहीतर सुरुवातीच्या तुकड्यालाच त्याचा स्वतःचा कर्ता द्यायचा: 'व्हाइल आय वॉज टॉकिंग ऑन द फोन, द उपमा गॉट बर्न्ट.' दुसऱ्या रस्त्यात उपमा आपला आपण करपतो, पण निदान फोनवर कोण होतं हे जाहीर होतं. ताईंनी अर्थातच दुसरा रस्ता निवडला. त्यातही खळखळ होतीच.

"सर, 'आय'च्या जागी 'माय सिस्टर-इन-लॉ' लिहिलं तर?"

"व्याकरणाच्या दृष्टीने चालेल."

"मग तेच घाला."

लोक तिसरा रस्ताही काढतात, तो रस्ता नाहीच. तुकडा उचलायचा आणि वाक्याच्या शेवटी टाकायचा: 'द उपमा गॉट बर्न्ट व्हाइल टॉकिंग ऑन द फोन.' आता वाक्य ऐकायला जरा सभ्य वाटतं आणि त्यामुळे जास्त फसवं होतं. फोन अजून उपम्याच्याच कानाला आहे. पाहुणे आल्यावर पसारा समोरच्या खोलीतून आतल्या खोलीत ढकलायचा आणि घर आवरलं म्हणायचं, त्यातला हा प्रकार. निवृत्त काका यात पटाईत आहेत. त्यांच्या वहीत प्रत्येक डँगलर शेवटी नेऊन ठेवलेला असतो आणि समोर त्यांनी स्वतःच बरोबरची खूण केलेली असते.

छत्रीची गोष्ट आणखी बारीक आहे. वाक्य होतं, 'वॉकिंग होम, माय अम्ब्रेला टर्न्ड इनसाइड आउट.' लिहिणारा इंजिनिअर मानायलाच तयार नव्हता.

"सर, 'माय' आहे की. मी आहे वाक्यात."

मी त्याला म्हटलं, तू वाक्यात आहेस, पण छत्रीचा मालक म्हणून. व्याकरणाला मालकाशी देणंघेणं नाही. त्याला कर्ता लागतो, आणि कर्त्याच्या जागेवर छत्री आहे. म्हणून चालत घरी निघाली ती छत्री, तू घरीच होतास. माझ्या अनुभवात हा सापळा सगळ्यात जास्त बळी घेतो, कारण 'माय', 'हिज', 'द मॅनेजर्स' असलं काही दिसलं की मन म्हणतं, आहे की माणूस. इंजिनिअरने बराच विचार केला आणि शेवटी लिहिलं, 'वॉकिंग होम, आय टर्न्ड माय अम्ब्रेला इनसाइड आउट.' व्याकरण अगदी चोख. पुण्यातल्या भर पावसात एक तरुण चालता चालता स्वतःच्या हाताने छत्री उलटी करतोय, हे चित्र मात्र डोळ्यांसमोरून हलेना. दोन रस्त्यांपैकी कुठला घ्यायचा हे व्याकरण सांगत नाही, छत्रीला विचारावं लागतं. इथे दुसरा हवा होता: 'ॲज आय वॉज वॉकिंग होम, माय अम्ब्रेला टर्न्ड इनसाइड आउट.' या एका प्रसंगात छत्री खरोखरच आपली आपण उलटली होती.

रात्रभर जागणारा प्रबंध एका पीएचडी करणाऱ्या मुलीचा. तिच्या मार्गदर्शकांनी तिला बजावलंय की शास्त्रीय लेखनात 'मी' येता कामा नये. त्यामुळे तिच्या प्रयोगशाळेत द्रावण तापवलं जातं, तापमान नोंदवलं जातं, पण माणूस आत पाऊल टाकत नाही. 'आफ्टर हीटिंग द सोल्यूशन, द टेंपरेचर वॉज रेकॉर्डेड.' कोण तापवतंय? तापमान. डँगलरचं खरं माहेर हे असं कर्मणी वाक्य. कर्ता मुळातच हाकलून दिलेला, मग तुकड्याने चिकटायचं कुणाला? शास्त्रीय लेखनात संपादकांची नजर या वाक्यांना इतकी सरावली आहे की बरेच जण सोडून देतात, आणि मीही देतो. प्रयोगशाळेतलं द्रावण तापवणारा मनुष्यप्राणी असणार हे वाचणाऱ्याला कळतं. पण त्याच मुलीने 'हॅविंग स्टेड अवेक ऑल नाइट, द थिसिस वॉज कम्प्लीटेड' असं लिहिल्यावर मी थांबलो. जागरण तिने केलं, डोळ्यांखाली काळं तिच्या आलं आणि श्रेय प्रबंधाला. मी म्हटलं, इथे तरी 'आय' लिही. ती म्हणाली, "सर, गाइडना विचारते."

काही डँगलर तर समाजात उजळ माथ्याने फिरतात. 'कन्सिडरिंग द ट्रॅफिक, द बस वॉज ऑन टाइम' यात बस रहदारीचा विचार करत नाही, तरी कुणी हरकत घेत नाही. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'जजिंग बाय' ही मंडळी वापरून वापरून इतकी झिजली आहेत की त्यांना आता कर्ता लागत नाही. हे सांगितलं की वर्गात अन्यायाची भावना पसरते. त्यात मी एकदा शेक्सपियरचं नाव काढलं. 'हॅम्लेट'मध्ये बापाचं भूत मुलाला सांगतं की, लोकांना असं भासवलंय की बागेत झोपलेलं असताना मला साप चावला. इंग्रजी वाक्याची रचना अशी आहे की व्याकरणाने पाहिलं तर बागेत झोपला होता तो साप. काकांनी ते लगेच टिपून घेतलं. तेव्हापासून लाल रेघ मारली की ते चष्म्यावरून बघत विचारतात, "शेक्सपियरला किती मार्क दिले असते?" मी सांगतो, तो भुताचा जबाब होता, आणि राजाला खरं तर भावाने मारलं होतं. म्हणजे तिथेही गुन्हेगार वाक्याबाहेरच होता.

डँगलरमध्ये माणूस लपतो, तर दुसऱ्या प्रकारात तो नको तितका बाहेर येतो. हा दुसरा प्रकार म्हणजे पॅरलल स्ट्रक्चर. 'अँड'च्या पंगतीत बसायचं तर सगळ्यांनी मांडी घालून बसायचं, एवढाच त्याचा नियम. पहिला 'इंग'वाला असेल तर सगळे 'इंग'वाले, पहिला 'टु' लावून आला तर सगळे 'टु' लावून. पण बहुतेक यादीत पहिले दोघे मुकाट्याने मांडी घालतात आणि तिसरा खुर्ची मागतो. 'माय हॉबीज आर रीडिंग, ट्रेकिंग अँड टु स्लीप.'

अशा याद्या वाचून वाचून मी ओळखलंय की पहिल्या दोन गोष्टी माणूस जगासाठी लिहितो. तिसऱ्या गोष्टीपाशी त्याचा धीर सुटतो आणि मनातलं बाहेर येतं, म्हणून तिथेच व्याकरणही मोडतं. लग्नाच्या बायोडेटात बघा: 'बॉय इज एज्युकेटेड, वेल-सेटल्ड अँड हॅज नो सिस्टर्स.' पहिली दोन विशेषणं, तिसरं अख्खं क्रियापद घेऊन आलेलं. दुरुस्ती करायची तर सगळ्यांना आपापलं क्रियापद द्यावं लागेल, किंवा तिसऱ्याला विशेषणात बसवावं लागेल. मी 'सिस्टरलेस' सुचवून पाहिलं. ज्यांचा मुलगा होता त्या गृहस्थांना ते फार आवडलं.

'नॉट ओन्ली, बट ऑल्सो' ही याच घराण्यातली जोडी. काकांचं वाक्य होतं, 'आय नॉट ओन्ली ड्रिंक टी बट ऑल्सो कॉफी.' 'नॉट ओन्ली'च्या लगेच पुढे काय आहे ते बघायचं आणि 'बट ऑल्सो'च्या लगेच पुढे काय आहे ते बघायचं. दोन्हीकडे एकाच जातीचा माल हवा. इथे एकीकडे पिणं आहे आणि दुसरीकडे नुसती कॉफी. मराठीत 'मी नुसता चहाच नाही तर कॉफीही पितो' म्हणताना क्रियापद शेवटी निवांत बसलेलं असतं आणि दोघांनाही पुरतं. इंग्रजीत ते मध्येच येतं, म्हणून त्याला 'नॉट ओन्ली'च्या आधी सरकवायचं: 'आय ड्रिंक नॉट ओन्ली टी बट ऑल्सो कॉफी.' काकांनी सरकवलं आणि मग म्हणाले, "डॉक्टरांनी दोन्ही बंद केलंय. ते कुठे सरकवू?"

रूप सारखं झालं म्हणजे अर्थ सारखा होतो असंही नाही. एकाने अत्यंत समाधानाने वाचून दाखवलं होतं, 'ही लॉस्ट हिज वॉलेट, हिज हेअर अँड हिज फादर-इन-लॉ.' तिन्ही मांडी घालून, एका ओळीत, कुणाची मान वाकडी नाही. मी पूर्ण गुण दिले. पाकीट आणि सासरे एकाच रांगेत का, हे विचारायचा अधिकार व्याकरणाला नाही.

हे दोन्ही रोग एकत्र झालेला रुग्ण बघायचा असेल तर परदेशी विद्यापीठासाठी लिहिलेला अर्ज बघावा. छत्रीवाल्या इंजिनिअरने आपल्या आयुष्याचा सारांश असा दिला होता: 'आफ्टर कम्प्लीटिंग माय डिग्री, अ जॉब वॉज ऑफर्ड टु मी, व्हेअर आय लर्न्ड कोडिंग, टु मॅनेज पीपल अँड हाउ द कॉफी मशीन वर्क्स.'

आम्ही ते वाक्य फळ्यावर घेतलं. स्वल्पविरामापाशी थांबून वर्गाने एका सुरात विचारलं, "कोण?" उत्तर आलं, नोकरी. पदवी पूर्ण केली ती नोकरीने. मग पुढचा प्रश्न, नोकरी दिली कुणी? 'वॉज ऑफर्ड' म्हणजे कर्मणी, म्हणजे देणारा पडद्याआड. इंजिनिअर गप्प. फारच आग्रह झाल्यावर म्हणाला, "कंपनीने." आम्ही लिहिलं, 'आफ्टर आय कम्प्लीटेड माय डिग्री, अ कंपनी ऑफर्ड मी अ जॉब.' नुसतं 'आफ्टर कम्प्लीटिंग' ठेवून पुढे 'अ कंपनी' आणली असती तर पदवी कंपनीने घेतली असती, म्हणून तुकड्याला स्वतःचा 'आय' द्यावा लागला. उत्साही वर्गाने दुसरा मार्गही सुचवला: 'आफ्टर कम्प्लीटिंग माय डिग्री, आय गॉट अ जॉब.' तोही बरोबर, आणि एका शब्दाचीही बेरीज नको.

"पण सर," इंजिनिअर हळूच म्हणाला, "तसं म्हटलं तर मामांच्या ओळखीने लागली."

म्हणून तर 'वॉज ऑफर्ड' होतं! कर्मणी प्रयोगाच्या मागे मामा उभे होते. वर्गाने मामांना वगळण्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

आता 'लर्न्ड'ची पंगत. 'कोडिंग' हे 'इंग'वालं नाम, 'टु मॅनेज पीपल' हा 'टु'वाला, आणि 'हाउ द कॉफी मशीन वर्क्स' हे तर स्वतःचा कर्ता नि क्रियापद घेऊन आलेलं आख्खं बिऱ्हाड. तिघांना एका जातीत आणायचं. 'लर्न्ड'ला 'टु' छान शोभतो, म्हणून 'टु राइट कोड, टु मॅनेज पीपल अँड टु'… इथे खडू थांबला. कॉफी मशीनचं काय करतोस नेमकं? चालवतोस, साफ करतोस?

"दुरुस्त करतो, सर. आख्ख्या मजल्यावर कुणाला येत नाही. बाकीची दोन कामं काय, सगळेच करतात."

म्हणजे मघाशी म्हटलं तेच. तिसरी गोष्ट खरी होती. 'टु रिपेअर द कॉफी मशीन' झालं. 'टु' एकतर तिन्ही ठिकाणी लावायचा नाहीतर फक्त पहिल्या ठिकाणी, मधल्यालाच वगळलं की पुन्हा पंगत मोडते, एवढं सांगून मी संपवणार होतो. तेवढ्यात पीएचडीवाली म्हणाली, "सर, ते 'व्हेअर' कुठे चिकटलंय?" बघतो तर मूळ वाक्यात 'मी'ला. म्हणजे तो कोडिंग स्वतःच्याच आत कुठेतरी शिकला होता. शेवटी 'व्हेअर' काढून 'अँड देअर' घातलं आणि वाक्य तयार झालं. एका वाक्यात आमचा पूर्ण तास गेला. इंजिनिअरने ते उतरवून घेतलं आणि म्हणाला, "शब्दमर्यादेत बसत नाही, सर. कॉफी मशीन काढतो."

पूर्वी या सगळ्याला बाजारात भाव होता. जीमॅट नावाच्या परीक्षेत 'सेंटेन्स करेक्शन' हा प्रकार असायचा. वाक्याचा काही भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय, त्यातला पहिला पर्याय मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवणारा. डँगलर आणि पंगत हे त्यातले ठरलेले पाहुणे. मुलं त्यासाठी जाडजूड पुस्तकं पाठ करायची. 2023 च्या अखेरीस परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि त्यातून हा प्रकारच काढून टाकला. माझ्या कपाटातले दोन कप्पे एका दिवसात रद्दी झाले. रद्दीवाल्याने एक पुस्तक चाळून विचारलं, "यात उत्तरं दिलीत का मागे?" दिलीत म्हटल्यावर त्याने किलोमागे काहीही वाढवून दिलं नाही.

या विद्येचा समाजाला उपयोग व्हावा अशी माझी फार इच्छा होती आणि ती आमच्या सोसायटीने पूर्ण केली. भाडेकरूंना कळावं म्हणून आमच्याकडे सूचना इंग्रजीतही लागतात. गेल्या महिन्यात लिफ्टशेजारी कागद चिकटवलेला दिसला: 'हॅविंग नॉट पेड द मेंटेनन्स, द सेक्रेटरी विल नॉट इश्यू पार्किंग स्टिकर्स टु द फॉलोइंग मेंबर्स.' खाली तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचं नाव, ज्यांची थकबाकी सोसायटीच्या रंगकामाच्या आधीपासूनची आहे.

मी सेक्रेटरींना गाठून प्रेमाने सांगितलं, "या वाक्यानुसार मेंटेनन्स तुम्ही भरलेला नाही."

"मी?" सेक्रेटरी ओरडले. "पावती दाखवू? सात तारखेच्या आत भरतो मी!"

"तुम्ही भरलाय हो. वाक्याने भरलेला नाही. स्वल्पविरामानंतर पहिला कर्ता—"

"अहो, वाचणाऱ्याला अक्कल असते की नाही?"

वाद ऐकून खजिनदार बाहेर आले, मग दोन मावशी आल्या, आणि मेंटेनन्स नक्की कुणाचा थकलाय यावर जिन्यात चर्चा सुरू झाली. एक मावशी म्हणाल्या, सेक्रेटरींचाच असणार, मला आधीपासून शंका होती. सेक्रेटरी खरंच पावत्यांची फाइल आणायला गेले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे साहेब भाजीची पिशवी घेऊन वर चालले होते, ते थांबले. त्यांनी सूचना पुन्हा एकदा शांतपणे वाचली आणि माझ्याकडे आदराने पाहिलं.

"म्हणजे सर, या वाक्यात थकबाकीदार मी नाहीच?"

"व्याकरणाच्या दृष्टीने… नाही."

"मग ही नोटीस मला लागू होत नाही. दुरुस्त करून लावा, मग बघू." आणि ते वर गेले.

सोसायटीच्या इतिहासात व्याकरणाने वसुली थांबवल्याची ही पहिलीच वेळ. कमिटीने मला ताबडतोब खाली बसवलं. सेक्रेटरींनी डोळे वटारून पेन हातात दिलं. मी तुकड्याला त्याचा कर्ता दिला: 'बिकॉज द फॉलोइंग मेंबर्स हॅव नॉट पेड द मेंटेनन्स, द सेक्रेटरी विल नॉट इश्यू देम पार्किंग स्टिकर्स.' खजिनदारांनी तीन वेळा 'कोण?' विचारून खात्री केली. थकवणारे सभासद, स्टिकर न देणारे सेक्रेटरी, सगळे आपापल्या जागी. नवा कागद चिकटवला, आणि सेक्रेटरी स्वतः तिसऱ्या मजल्यावर जाऊन साहेबांना खाली घेऊन आले.

साहेबांनी चष्मा लावला, पहिल्या शब्दापासून वाचलं, स्वल्पविरामापाशी थांबले, मान डोलावली.

"आता उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त वर 'मेंबर्स' म्हटलंय, अनेकवचनी. आणि खाली नाव एकाचंच दिसतंय. बाकीचे कोण आहेत ते आधी ठरवा."